उंबरठा जमिनीखाली नेताना: हॉल आणि पॅटिओ एकाच पातळीत आणणारा दरवाजा

हॉलची एक अख्खी भिंत काढायची, तिथे काचेचा स्लायडिंग-फोल्डिंग दरवाजा बसवायचा आणि आतली फरशी मध्ये कुठेही पायरी न घेता मागच्या फरसबंद अंगणात, म्हणजे पॅटिओत, सरळ जाऊ द्यायची. नागपुरात नवं घर बांधणारे बरेच जण आता हे मागतात. मागणी रास्त आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली संध्याकाळ बाहेर बसण्यासारखी असते. घरात वॉकर घेऊन चालणारी आजी असेल, तर दाराशी असलेली दोन इंचांची पायरीसुद्धा तिला घरातच अडकवून ठेवते.

साइटवर ड्रॉइंग उलगडलं की जुना मिस्त्री मात्र पहिला प्रश्न हाच विचारतो, "सगळं लेव्हल केलं तं पाणी अंदर येईन नं जी?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि या लेखात मुख्यतः त्याचंच उत्तर आहे. दरवाजाचा रंग, काचेचा प्रकार, कंपनी हे सगळं शेवटपर्यंत बदलता येतं. दाराखाली कुठलं काँक्रीट किती खाली घ्यायचं, हे मात्र स्लॅब ओतायच्या आधीच ठरावं लागतं. ते राहून गेलं तर नंतर कितीही महाग दरवाजा आणला तरी उपयोग होत नाही.

जुन्या घरात पाण्याला अडवणाऱ्या गोष्टी तीन होत्या. घराचं जोतं जमिनीपासून उंच, ओसरी आतल्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली, आणि दारात उंबरठा. राष्ट्रीय बांधकाम संहिता आजही घराची प्लिंथ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान 450 मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच ठेवायला सांगते. एका पातळीतली फरशी हवी म्हणजे पॅटिओ त्या दीड फुटावर उचलून घ्यायचा, पायरी काढायची आणि उंबरठाही काढायचा. तीनपैकी दोन अडथळे गेले. त्यांचं काम दुसरं कोणीतरी करायला हवं. ते करायची पद्धत अशी, की उंबरठा काढून टाकायचा नाही, तो फरशीच्या खाली न्यायचा. आपण चालतो ती पातळी सलग राहते, पण पाणी ज्या पातळीवरून वाहतं ती दारापाशी चांगली चार-सहा इंच खाली असते.

वारा पाण्याला वर चढवतो

दारापाशी पाणी दोन वाटांनी येतं. एक, पॅटिओवर पडलेला पाऊस फरशीवरून वाहत येतो. दुसरी वाट जास्त त्रासदायक आहे आणि तिचा विचार कमी होतो: वाऱ्याबरोबर काचेवर आदळलेला पाऊस ओघळत थेट ट्रॅकवर उतरतो. नागपुरात पावसाळी वारा बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पश्चिमेकडे उघडणाऱ्या दरवाजाला मे महिन्यातलं ऊनही जास्त आणि जुलैतला मारही जास्त. वर तीन फुटांचा छज्जा किंवा गच्ची पुढे काढलेली असेल तर हा मार बराच कमी होतो. दिशा निवडायला मिळत असेल तर मी असा दरवाजा उत्तरेला किंवा पूर्वेला घेईन.

आता वाऱ्याचा जोर. वारा बाहेरून दाबतो तेव्हा घराच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि तो फरक पाण्याला फटीतून आत ढकलतो. ताशी 57 किलोमीटरचा वारा साधारण 150 पास्कल दाब देतो. पाण्याच्या भाषेत हा दाब 15 मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका आहे. म्हणजे दाराच्या खालच्या पट्टीचा आतला काठ 15 मिलिमीटर उंच असेल, तर एवढ्या वाऱ्यात ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी त्या काठापर्यंत चढून आत सांडू शकतं. रोहिणी-मृगाच्या वादळात ताशी 57 किलोमीटर वेगाच्या झुळका इथे काही नवलाच्या नाहीत.

मग काठच नसेल तर? पूर्ण सपाट, नुसता खाचेसारखा ट्रॅक असेल आणि त्याखाली पाण्याला उतरायला जागा नसेल, तर पाण्याला अडवणारी उंची जवळजवळ शून्य. कॅटलॉगमध्ये एकाच दरवाजाचे दोन-तीन खालचे ट्रॅक दाखवलेले असतात आणि सगळ्यात सपाट ट्रॅकपुढे पाणी अडवण्याचा आकडा सगळ्यात कमी असतो, त्याचं कारण हेच. विक्रेत्याकडे तो आकडा ट्रॅकनिहाय मागा. दरवाजाचा एकच आकडा सांगत असतील, तर तो बहुधा उंच काठाच्या ट्रॅकचा असतो.

हीच उंची फरशीच्या खाली मिळवता येते. ट्रॅकच्या चौकटीत खाली पोकळ कप्पा असतो. बाहेरचं रबर ओलांडून आलेलं पाणी या कप्प्यात पडतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. कप्प्याचा तळ आतल्या फरशीपेक्षा 40 मिलिमीटर खाली असेल आणि भोकं मोकळ्या हवेत उघडत असतील, तर पाण्याला आत यायला आधी ते 40 मिलिमीटर चढावे लागतात. त्याला साधारण 390 पास्कल दाब लागतो, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वारा. फरशीवर काहीही उंच न ठेवता अडवण्याची ताकद अडीच पटीने वाढली.

वरच्या वाक्यात "भोकं मोकळ्या हवेत उघडत असतील" असं म्हटलं आहे, आणि सगळं तिथेच बिघडतं. चौकट फरशीत बुडवली की ती भोकंही फरशीच्या खाली जातात. त्यांच्यासमोर मिस्त्रीने मसाला भरला, किंवा फिटरने चौकटीभोवती सिलिकॉन मारताना ती बुजवली, तर कप्पा म्हणजे नुसतं भरून ठेवलेलं भांडं होतं. दरवाजा गळतो म्हणून बोलावलं जातं तिथे मी आधी ही भोकं शोधतो. बहुतेक वेळा ती सापडतच नाहीत.

एका घराचा हिशेब

बेसा रोडकडच्या एका घराचं उदाहरण घेऊ. मागे पश्चिमेला 12 फूट रुंद, 8 फूट उंच दरवाजा. चार पानं, प्रत्येक तीन फुटांचं. बाहेर 12 फूट बाय 10 फुटांचा पॅटिओ आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी बसायचा कट्टा. घरच्यांची अट एकच होती: आजीचं वॉकर कुठेही न अडखळता बाहेर गेलं पाहिजे.

अशा ठिकाणी नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे दाराला लागून चार इंच रुंद, चार इंच खोल नाली, वर स्टीलची जाळी, आणि पॅटिओच्या फरशीला दारापासून दूर ढाळ. दहा फुटांत दीड इंचाचा ढाळ पुरतो. चालताना तो कळत नाही, पण ताज्या धुतलेल्या फरशीवरचं पाणी लगेच निघून जातं. पद्धत वाईट नाही. फक्त तिची मर्यादा आकड्यांत पाहू. जोराचा पाऊस ताशी 100 मिलिमीटर धरू. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्रीपासून पहाटेपर्यंत नागपुरात काही तासांतच 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, त्यामुळे हा दर अतिशयोक्तीचा नाही. तिरप्या पावसासाठी काचेच्या निम्म्या क्षेत्रफळाइतकं पाणी धरायचा रिवाज आहे. काच जवळपास साडेआठ चौरस मीटर, तिचं निम्मं सव्वाचार. म्हणजे ताशी 430 लिटर, मिनिटाला सात लिटर पाणी फक्त काचेवरून नालीत उतरतं. पाइप मोकळा असेल तर हे काहीच नाही. पण 12 फुटांच्या त्या नालीत पाणी मावतं जेमतेम 36 लिटर. कडुनिंबाची पानं पाइपच्या तोंडाशी अडकली, की पाच मिनिटांत नाली काठोकाठ भरते आणि सहाव्या मिनिटाला पाणी हॉलमध्ये. हे रात्री दोन वाजता झालं तर कोण बघणार?

म्हणून या घरात अख्ख्या पॅटिओलाच नाली केलं. आतली तयार फरशी म्हणजे शून्य पातळी मानू आणि खालचे सगळे आकडे तिच्याखालचे समजू. हॉलचं कच्चं काँक्रीट 60 मिलिमीटर खाली, त्यावर मसाला आणि टाइल. दाराची चौकट 60 मिलिमीटर उंचीची, ती त्याच 60 च्या काँक्रीट काठावर बसली, त्यामुळे तिचा माथा आपोआप फरशीला आला. बाहेरचा स्लॅब मात्र 200 मिलिमीटर खाली ओतला. त्यावर ढाळाचा कोबा: दारापाशी 50 मिलिमीटर जाड, दूरच्या टोकाला 20. म्हणजे पाण्याची पातळी दारापाशी 150 मिलिमीटर खाली आणि कट्ट्यापाशी 180 मिलिमीटर खाली. चौकटीचा तळ आणि पाण्याची जमीन यांत 90 मिलिमीटरची उभी पायरी राहिली. जुन्या ओसरीची पायरीच ती, फक्त आता दिसत नाही.

या कोब्यावर वॉटरप्रूफिंग केलं. त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग दारापाशी आहे. लेप ती 90 मिलिमीटरची पायरी उभा चढतो, काँक्रीटच्या काठावर आडवा जातो, म्हणजे चौकटीच्या खालून, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला टाइलच्या खालपर्यंत पुन्हा उभा वळतो. चौकट जणू एका ताटात बसते. खालून पाणी आलं तरी ते आतल्या मसाल्याला न लागता बाहेरच परतलं पाहिजे, यासाठी ही शेवटची उभी घडी असते. यासाठी वॉटरप्रूफिंगवाला दरवाजावाल्याच्या आधी येऊन गेला पाहिजे. चौकट बसल्यावर तिच्याभोवती लेप मारणं म्हणजे फक्त डोळ्यांचं समाधान. चौकट ठोकताना स्क्रूने लेपाला भोकं पडतात, ती त्याच वेळी सीलंटने भरून घ्यायची.

वर 20 मिलिमीटर जाड ग्रॅनाइटच्या दोन फुटी लाद्या, मसाल्यावर न बसवता उंची कमी-जास्त करता येणाऱ्या प्लास्टिकच्या पायांवर ठेवल्या. लाद्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरची मोकळी फट. पाऊस फटीतून खाली जातो, त्यामुळे वरची फरशी अगदी सपाट, आतल्या टाइलच्या रेषेत ठेवता आली. दाराला लागून मात्र पूर्ण लादी न घेता चार इंचांची उचलता येणारी जाळीची पट्टी ठेवली. चौकटीची भोकं तिच्याखाली उघडतात आणि पट्टी उचलली की दिसतात.

आता त्या रात्रीचा हिशेब पुन्हा करू. लाद्यांखालच्या पोकळीत, चौकटीच्या तळापर्यंत, साधारण 1,100 लिटर पाणी मावतं. पॅटिओवरचा पाऊस आणि काचेवरचं पाणी मिळून ताशी 1,500 लिटर येतं. निघायच्या दोन्ही तीन इंची पाइपांची तोंडं पूर्ण बंद झाली तरी चौकटीच्या तळाला पाणी लागायला पाऊण तास लागेल. त्यावर आणखी एक उपाय: कट्ट्याच्या भिंतीत, फरशीखाली 100 मिलिमीटरवर, दोन आरपार भोकं ठेवली. पाणी तिथवर चढलं की ते बागेत धारेने पडतं. ती धार दिसली, की पाइप तुंबला आहे हे घरातल्यांना कळतं, आणि पाणी अजून चौकटीच्या 40 मिलिमीटर खालीच असतं. कट्टा नसेल आणि पॅटिओची बाहेरची कड बागेकडे मोकळी असेल, तर ही भोकंही नकोत. कड उघडी ठेवा, पाणी आपोआप पडेल.

या पद्धतीचा एक तोटा सांगायलाच हवा. लाद्यांखाली पाणी साचून राहिलं तर तिथे डास होतील, आणि डेंग्यूच्या दिवसांत ते परवडणारं नाही. म्हणून खालच्या कोब्याला ढाळ नीट हवा, कुठेही डबकं राहता कामा नये, पाइपांच्या तोंडांना बारीक जाळी हवी, आणि पावसाळ्याआधी चार-दोन लाद्या उचलून खालची माती-पानं काढायला हवीत. हे करायची तयारी नसेल तर जाळीची नालीच बरी, पण मग ती निदान आठ इंच खोल करा आणि तिला दोन टोकांना दोन पाइप द्या.

काळी माती ही पातळी टिकू देत नाही

एवढं सगळं मिलिमीटरमध्ये जमवलं, पण पॅटिओ कशावर उभा आहे? नागपूर आणि आजूबाजूच्या बऱ्याच भागात वरचा थर काळ्या मातीचा आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचे कॉलम या मातीतून खाली मुरमात किंवा पाषाणात उतरवलेले असतात, त्यामुळे घर हलत नाही. पॅटिओ मात्र पुष्कळदा नंतरचं काम म्हणून, दीड फूट भराव टाकून त्यावर फरशी बसवून उरकला जातो. घर एका जागी स्थिर आणि पॅटिओ ऋतूप्रमाणे वर-खाली. त्या दोघांच्या मधली रेषा म्हणजे आपला दरवाजा.

यात एक खाचखळगा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाया खोदताना प्लिंथ बीमच्या बाजूला जो चर होतो, तो काम झाल्यावर मिळेल त्या मातीने बुजवतात. धुमस नीट मारलेली नसते. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत सगळ्यात जास्त खचतो तो हाच पट्टा, घराला लागून असलेला. म्हणजे पॅटिओ नुसता खाली जात नाही, तो घराच्या दिशेने कलतो. बाहेर जाणारा ढाळ उलटा होऊन पाणी दाराकडे आणू लागतो. दरवाजा तोच, नाली तीच, पहिली दोन वर्षं थेंब आला नाही आणि तिसऱ्या वर्षी पाणी आत. तेव्हा दोष दरवाजाला दिला जातो.

बेसा रोडच्या घरात पॅटिओचा स्लॅब जमिनीवर टेकवलाच नाही. एका बाजूने तो घराच्या प्लिंथ बीमवर आहे आणि दुसऱ्या बाजूने कट्ट्याखालच्या बीमवर, ज्याचे कॉलम घराच्या कॉलमइतकेच खोल, त्याच थरावर आहेत. बीमच्या तळाशी आणि काळ्या मातीत तीन-चार इंच मोकळी जागा ठेवली, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून उचलणार नाही. खर्च वाढला, पण दार आणि पॅटिओ आता एकाच सांगाड्यावर आहेत.

तेवढं शक्य नसेल तर दुसरा मार्ग: काळी माती जमेल तितकी खोल, निदान तीन फूट, काढून टाकायची आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसत भरायचा. शेवटी दोन फूट एकदम ओतून वरून पाणी सोडणं याला भराव म्हणत नाहीत. आणि या पद्धतीत पॅटिओ आणि घर यांच्यात लवचीक सीलंटचा सांधा ठेवायचा. दोघांवरून एकच टाइल सलग नेली तर ती दाराशी तडकेल. पॅटिओला लागून हिरवळ लावून रोज पाणी देणं टाळलेलं बरं, कारण एक कड ओली आणि एक कोरडी राहिली की कल आणखी वाढतो.

वजन कोणावर?

तीन फूट बाय आठ फुटांचं पान, 6 मिलिमीटरच्या दोन काचांचं, नुसत्या काचेचंच 65 किलोच्या आसपास भरतं. ॲल्युमिनियम धरून 80 ते 85. चार पानं मिळून सव्वातीनशे किलोच्या पुढे. काही दरवाजे वरच्या ट्रॅकला टांगलेले असतात, काही खालच्या ट्रॅकवर चाकांनी चालतात. टांगलेला दरवाजा हलका चालतो आणि खाली फक्त दिशा देणारी खाच लागते, त्यामुळे सपाट फरशीसाठी सगळे तोच मागतात. पण मग ते सगळं वजन वरच्या बीमवर जातं.

बीम तुटायचा प्रश्न नसतो, वाकण्याचा असतो. काँक्रीटच्या बांधकामाची भारतीय संहिता, आयएस 456, फिनिशिंग झाल्यानंतरच्या वाकण्याला गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, साडेतीनशेव्या भागापर्यंत किंवा 20 मिलिमीटरपर्यंत, यांत जे कमी असेल तिथपर्यंत परवानगी देते. 12 फुटांच्या गाळ्याला ते 10 मिलिमीटर होतात. दरवाजाच्या यंत्रणेला मात्र बहुधा तीन-चार मिलिमीटरच चालतात. म्हणजे बीम नियमात पूर्णपणे बसतो आणि तरी दरवाजा मधोमध अडकतो. काँक्रीट वर्ष-दोन वर्षं हळूहळू वाकत राहतं, म्हणून हा त्रास पहिल्या दिवाळीला दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला "इथे टांगलेला दरवाजा येणार आहे, बीम जास्त खोल द्या" एवढं आधी सांगितलं तर ते सहज होतं.

जुन्या घरात भिंत फोडून दरवाजा काढायचा असेल, तर मी खालच्या चाकांवरचा घ्यायला सांगतो. वजन प्लिंथ बीमवर जातं, आणि वर फक्त मार्गदर्शक ट्रॅक राहतो, ज्यात बीमच्या वाकण्यासाठी फट ठेवता येते. बदल्यात उन्हाळ्यातली धूळ दर आठवड्याला ट्रॅकमधून ब्रशने काढावी लागते, नाहीतर चाकं घासतात. दोन्ही प्रकारांत बाजूलाही फट सोडा. गडद रंगाची चौकट जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पन्नासेक अंशांचा फरक सोसते आणि 12 फुटांत ॲल्युमिनियम त्यात चार मिलिमीटरहून जास्त वाढतं.

फरशीबद्दल एकच गोष्ट. सलग दिसावं म्हणून आतलीच गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल बाहेर नेऊ नका, ओली झाली की ती घसरते. आजीसाठी पायरी काढली आणि घसरडी फरशी दिली तर काय मिळवलं? एकाच दगडाचे दोन पोत घ्या: आत पॉलिश, बाहेर खरखरीत. रंगही फिका, नाहीतर मे महिन्यात तिथे अनवाणी पाय ठेवता येणार नाही.

तपासायचं कसं

लाद्या बसवण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून खालच्या कोब्यावर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा आणि हॉलच्या बाजूचं काँक्रीट हाताने चाचपा. दरवाजा बसल्यावर तो बंद करून बागेच्या पाइपने पाणी मारा, पण खालून सुरुवात करा: आधी दहा मिनिटं फक्त ट्रॅकवर, मग पानांच्या सांध्यांवर, मग वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. पाइपच्या पाण्यात वाऱ्याचा दाब नसतो, म्हणून ही परीक्षा पास झाली तरी चौकटीतली भोकं वेगळी तपासायची. ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओता आणि जाळीची पट्टी उचलून बघा. पाणी काही क्षणांत बाहेर दिसलं पाहिजे. दर वर्षी मृग लागायच्या आधी एवढा एक तांब्या ओतायची सवय ठेवली तर बुजलेलं भोक पावसाआधीच सापडतं.

नंतरच्या खुणा वाचता येतात. दाराजवळच्या आतल्या टाइलच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसू लागली, तर पाणी खालून येतं आहे, म्हणजे चौकटीखालच्या लेपात दोष. पाणी फक्त वादळी पावसात आणि ट्रॅकच्या आतल्या काठावरूनच येत असेल, तर भोकं बंद आहेत किंवा कप्पा उथळ आहे. पानांच्या वरच्या फटी मध्यभागी कमी आणि टोकांना जास्त दिसल्या, तर बीम वाकला. आणि पावसाळ्यात दाराशेजारी पूर्वी नव्हतं तिथे डबकं राहू लागलं, तर पॅटिओ घराकडे कलला आहे. तिथे दरवाजावाल्याला बोलावून काही होणार नाही.

घर आधीच बांधून झालं असेल तर

तळमजल्यावर, भरावावरचा पॅटिओ असेल तर दारालगत आठ-दहा इंच रुंदीचा पट्टा फोडून तिथे खोल नाली बसवता येते, आणि तिच्या घराकडच्या भिंतीवरून लेप चौकटीखाली नेता येतो. पूर्ण पॅटिओ खाली घेण्याइतकं ते चांगलं नाही, पण चालतं. वरच्या मजल्यावर, जिथे गच्चीच्या स्लॅबखाली कोणाची तरी खोली आहे आणि स्लॅब आत-बाहेर एकाच पातळीत ओतलेला आहे, तिथे काँक्रीट फोडायला जाऊ नका. तिथे एकतर हॉलच्या बाहेरची फरशी आतल्यापेक्षा थोडी खालीच राहू द्यायची आणि दारात लाकडी रॅम्प ठेवायचा, किंवा सपाट ट्रॅकचा नाद सोडून 15 मिलिमीटर काठाचा ट्रॅक घ्यायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना तिरकी पट्टी लावायची आणि वर खोल छज्जा काढायचा. दोन्ही बाजूंनी उतार दिलेला 15 मिलिमीटरचा काठ वॉकर थोडं उचलून सहज ओलांडता येतो.